चांदण्यातला ताज आणि अरबीतली एक ओळ

भाषातंत्रज्ञानाच्या ज्या बातम्या आपल्याकडे चर्चिल्या जातात, त्या बहुतांशी भारतीय भाषांविषयी असतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांचा व्याप पाहता ते स्वाभाविकच आहे. अरबी त्या अनुसूचीत नाही. परंतु दिल्ली, आग्रा, जयपूर किंवा पावसाळ्यातला केरळ पाहण्यासाठी आखाती देशांतून जी कुटुंबे येतात, त्यांच्या हाती पडणारे माहितीपत्रक भारतातच तयार होते आणि अनेकदा त्याचा अनुवादही भारतातच होतो. हा अनुवाद कसा होतो, याकडे विज्ञानाच्या वाचकाने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कारण छायाचित्रण, अक्षरओळख, संगणकातील लिपिव्यवस्था आणि कालगणना हे चारही विषय त्यात एका ओळीवर येऊन एकमेकांना भिडतात.

ती ओळ उदाहरणादाखल अशी मानावी. आग्र्याच्या मुक्कामाच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत रात्रीच्या ताजदर्शनाचा उल्लेख आहे: चांदण्यात न्हालेला ताजमहाल पाहण्याचे आवाहन, त्यापुढे वेळ आणि खाली बारीक टंकात, हा कार्यक्रम ऐच्छिक असून त्याचा खर्च पाहुण्याने स्वतः करायचा आहे, शुक्रवारी व रमजानमध्ये तो नसतो. वस्तुस्थितीही तशीच आहे. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन व नंतरच्या दोन अशा पाच रात्री ताज रात्री साडेआठ ते साडेबारा या वेळेत पाहता येतो. पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या अर्ध्या-अर्ध्या तासासाठी आत सोडल्या जातात. शुक्रवारी व रमजानच्या महिन्यात हे दर्शन बंद असते. मूळ इंग्रजीत ही सारी माहिती जेमतेम दीड ओळीत मावते. अरबीत जाताना मात्र तिच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा धोका आहे.

पहिला धोका भाषेचा नाहीच. तो छायाचित्राचा आहे. सहल कंपनीकडे माहितीपत्रकाची मूळ फाइल असते, पण ती आरेखकाच्या संगणकात पडून राहते आणि अनुवादकाकडे येते ते छापील कागदाचे फोनवर काढलेले छायाचित्र. त्याचा हिशेब सहज मांडता येतो. ए-फोर आकाराच्या कागदाची लांबी ११.७ इंच. फोनच्या कॅमेऱ्यात लांबीच्या दिशेने ४००० चित्रबिंदू आहेत आणि कागदाने संपूर्ण चौकट व्यापली आहे असे धरले, तर दर इंचाला सुमारे ३४० बिंदू मिळतात. अक्षरओळखीच्या कामासाठी ३०० बिंदू हे नेहमीचे प्रमाण मानतात. म्हणजे इथवर काळजीचे कारण नाही. पण तेच चित्र निरोप पाठवण्याच्या अ‍ॅपमधून जाताना आकुंचन पावते. लांबी १६०० बिंदूंवर आली, तर इंचाला उरतात केवळ १३७. मोठ्या टंकातल्या मथळ्याचे त्याने काहीच बिघडत नाही. सहा पॉइंटच्या तळटिपेतला अंक मात्र आता जेमतेम आठ बिंदू उंचीचा झालेला असतो.

आठ हा आकडा येथे योगायोगाने फार महत्त्वाचा आहे. जेपेग पद्धतीत चित्र ८ × ८ बिंदूंच्या चौकोनांत विभागले जाते आणि प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म तपशील कमी करून फाइल लहान केली जाते. म्हणजे तळटिपेतला एक अंक साधारण एका चौकोनाएवढा झाला आणि जो तपशील ‘सूक्ष्म’ म्हणून गाळला जातो, तोच नेमका ३ आणि ८ यांच्यातला फरक आहे. ३ च्या डाव्या बाजूची फट बुजली की ८ तयार होतो. साडेआठची वेळ ‘८:३०’ ऐवजी ‘८:८०’ वाचली गेली, तर चूक लगेच लक्षात येते, कारण घड्याळात ऐंशी मिनिटे नसतात. पण ‘३:३०’ चे ‘८:३०’ झाले, तर ते अगदी निर्दोष दिसते. दिसायला अशक्य अशी चूक निरुपद्रवी असते. शक्य कोटीतली चूकच प्रवाशाला बंद दारापाशी नेऊन उभी करते.

यातली विसंगती अशी की माहितीपत्रकात जे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ते चुकले तरी कोणाचे फारसे नुकसान नसते. ‘अविस्मरणीय’ हा शब्द अर्धा वाचला गेला, तरी ताज विस्मरणात जात नाही. कोणता खर्च कंपनीचा नाही, कोणत्या दिवशी दार बंद असते, हे सर्वांत लहान टंकात असते आणि छायाचित्रात तेच सर्वांत आधी नष्ट होते. म्हणून अनुवादकाने शब्दकोश उघडण्याआधी त्या तळटिपेचे वेगळे, जवळून, कागदाला समांतर धरून काढलेले छायाचित्र मागवावे. आणि ते आकुंचित न करता, मूळ फाइल म्हणून मागवावे. एवढ्या मागणीला जे ‘अनावश्यक सोपस्कार’ म्हणतात, त्यांनी ३ आणि ८ चा हा हिशेब एकदा करून पाहावा.

छायाचित्राचा दुसरा उपद्रव रकान्यांचा आहे. इंग्रजी माहितीपत्रकात ‘पॅकेजमध्ये काय आहे’ हे डावीकडे आणि ‘काय नाही’ हे उजवीकडे छापण्याची पद्धत आहे. दोन रकान्यांमध्ये रेघ नसेल, कागद किंचित तिरपा असेल किंवा त्याला घडी पडलेली असेल, तर अक्षरओळखीची प्रणाली दोन्ही रकाने एकच समजून ओळ आडवी वाचत जाते. मग ‘रोजची सकाळची न्याहारी’ आणि ‘दुपारचे व रात्रीचे जेवण’ ही शेजारची दोन वाक्ये एकत्र येतात आणि तिन्ही जेवणे कंपनीच्या खर्चात जमा होतात. या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नसते. अनुवादही सुरेख होतो. बरोबर आणि फुली ही चिन्हे असली तर मदत होते, पण अक्षरओळखीत ती अनेकदा अक्षरे समजली जातात किंवा सरळ गळून पडतात. इथे कामी येतो तो साधा मोजदादीचा उपाय: छापील कागदावर प्रत्येक रकान्यात किती नोंदी आहेत ते मोजावे आणि मजकुरातही तेवढ्याच, त्याच बाजूला आहेत का ते पाहावे.

अरबीत गेल्यावर हे रकाने पुन्हा एकदा अडचण करतात. अरबी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, तेव्हा मांडणी आरशासारखी उलटावी लागते. ‘काय आहे’ उजवीकडे आणि ‘काय नाही’ डावीकडे. आरेखकाने मथळे उलटवले आणि खालचा मजकूर जागच्या जागी राहिला, तर विमानभाडे आणि व्हिसाचे शुल्क ‘समाविष्ट’ या मथळ्याखाली दिसू लागते. आरेखकाला अरबी येत नसते, त्यामुळे त्याला पान देखणेच वाटते. त्यातच अरबीत हे दोन मथळे दिसायलाही जवळचे आहेत. ‘यश्मल’ म्हणजे ‘समाविष्ट आहे’ आणि ‘ला यश्मल’ म्हणजे ‘समाविष्ट नाही’. मराठीतला ‘सामील’ हा शब्द याच कुळातला आहे, हे जाता जाता लक्षात घेण्याजोगे. दोन मथळ्यांत फरक आहे तो केवळ ‘ला’ या इवल्या शब्दाचा. नकाराचे सारे ओझे एका मथळ्यावर टाकणे ही इंग्रजी मांडणीची सवय आहे आणि ती अरबीत तशीच्या तशी नेणे घातक आहे. त्यापेक्षा वगळलेल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘अला हिसाबिकुम’, म्हणजे ‘तुमच्या हिशेबावर’, असे लिहिलेले बरे. मग रकाना कुठेही सरकला तरी नोंद आपला अर्थ बरोबर घेऊनच जाते. मात्र तिथेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण ‘अला हिसाबिना’ म्हणजे ‘आमच्या हिशेबावर’. कोण पैसे देणार, हे शेवटच्या प्रत्ययावर ठरते.

आता वेळ. अनुवादकाला वाटते की आकड्यांचा अनुवाद करायचाच नसतो, ते जसेच्या तसे उचलून अरबी वाक्यात ठेवले की काम झाले. बहुतेक चुका याच विश्वासातून होतात. मूळ कागदावरचा मजकूर असा आहे:

```
8:30 PM – 12:30 AM
```

हाच मजकूर एखाद्या अरबी वाक्याच्या शेवटी चिकटवला, तर पडद्यावर तो असा दिसतो:

```
PM – 12:30 AM 8:30
```

कोणीही काहीही बदललेले नाही. फाइलमध्ये अक्षरांचा क्रम अगदी बरोबर आहे. बदल घडवला तो युनिकोडच्या द्विदिशा नियमावलीने, आणि तिनेही आपले काम चोख केले आहे. तिच्या दृष्टीने रोमन अक्षरे डावीकडून उजवीकडे जाणारी आहेत, अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे जाणारी आहेत आणि अंकांना स्वतःचे ठाम मत नाही. ते आधी आलेल्या अक्षराकडे पाहून ठरवतात. ‘साडेआठ’च्या आधी अरबी शब्द आहे, म्हणून तो आकडा अरबी बाजूला जातो. ‘साडेबारा’च्या आधी रोमन अक्षरे आहेत, म्हणून तो रोमन तुकड्यात सामील होतो. परिणामी रात्रीचे साडेआठ आपल्या खुणेपासून तुटतात आणि त्यांना शेजार मिळतो तो सकाळच्या खुणेचा. अरबी वाचक उजवीकडून वाचू लागतो, तेव्हा त्याला प्रथम साडेआठ दिसतात आणि लगेच सकाळ. चांदण्यातला ताज सकाळी साडेआठला!

रोमन खुणा काढून चोवीस तासांची वेळ लिहिली तर प्रश्न मिटतो असे वाटते, पण तो केवळ रूप बदलतो. दोन वेळांमध्ये साधी छोटी जोडरेघ आहे की लांब रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे की नाही आणि आकड्यांच्या आधी अरबी अक्षर आहे की नाही, यावर कोणती वेळ उजवीकडे दिसणार हे ठरते. वाक्याच्या ओघात अरबी शब्दानंतर आलेली जोड उजवीकडून डावीकडे लागते, म्हणजे वाचकाला आरंभाची वेळ आधी दिसते. तीच जोड तक्त्याच्या चौकटीत एकटी, जागा न सोडता, छोट्या जोडरेघेने लिहिली, तर ती डावीकडून उजवीकडे लागते आणि वाचकाला शेवटची वेळ आधी दिसते. एकाच माहितीपत्रकात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असू शकतात. दिवसाच्या वेळेत, म्हणजे नऊ ते पाच अशा जोडीत, वाचक तर्काने क्रम लावून घेतो. रात्री साडेआठ ते साडेबारा या जोडीत तर्कही फारसा मदतीला येत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे. २०१३ साली युनिकोडच्या ६.३ या आवृत्तीत ‘विलगक’ चिन्हे आली. ती अदृश्य असतात. मजकुराचा तुकडा त्यांच्यामध्ये बंद केला की भोवतालच्या लिपीचा त्याच्या अंतर्गत क्रमावर परिणाम होत नाही:

```
U+2066  8:30 PM – 12:30 AM  U+2069
```

पण हा उपाय पानाच्या शुद्धतेपुरता ठीक असला, तरी वाचकाच्या दृष्टीने अपुरा आहे. अरबी वाक्यात रोमन अक्षरांचा बंदिस्त तुकडा परकाच राहतो. शिवाय अदृश्य चिन्ह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना टिकेलच याची हमी नसते. अधिक चांगला उपाय जुना आहे: रेघ काढून टाकावी आणि शब्द वापरावेत. अरबीत ‘मिन’ म्हणजे ‘पासून’ आणि ‘हत्ता’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘मिन, साडेआठ, रात्री, हत्ता, साडेबारा, मध्यरात्रीनंतर’ अशी रचना केली, की प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना अरबी शब्द येतात आणि क्रम आपोआप सुरळीत लागतो. रेघ ही वाचकाने मनात भरायची पोकळी असते. ‘हत्ता’ लिहिले की ती पोकळीच राहत नाही. असे वाक्य तक्त्यात थोडी जास्त जागा घेते, ही आरेखकांची तक्रार खरी आहे. पण ती मान्य करण्याजोगी नाही.

अंकांच्या रूपाचाही एक निर्णय करावा लागतो. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया येथील वाचक युरोपीय अंक वापरतात. इजिप्त व आखातात पूर्वेकडील अरबी अंकही रूढ आहेत. त्या अंकांत शून्य म्हणजे एक ठिपका आणि पाच म्हणजे लहानसे वर्तुळ. देवनागरी किंवा युरोपीय अंकांना सरावलेला भारतीय मुद्रितशोधक त्या वर्तुळाला शून्यच समजतो. त्याने सद्‍हेतूने केलेली ‘दुरुस्ती’ अक्षरओळखीच्या चुकीपेक्षा भारी पडते. ज्याला हे अंक वाचता येत नाहीत, त्याने त्यांना हात लावू नये, हा नियम कठोर वाटला तरी योग्य आहे.

इथवरचे धोके यंत्राचे होते. यानंतरचे भाषेचे आहेत आणि ते अधिक सुरेख आहेत, म्हणून अधिक फसवे.

‘शुक्रवारी रात्री हे दर्शन नसते’ याचा सरळ, गोड, अभिजात अरबी अनुवाद करायचा मोह झाला, तर हाती शब्द येतो ‘लैलतुल जुमा’, म्हणजे शब्दशः ‘शुक्रवारची रात्र’. परंतु इस्लामी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवार सुरू होतो तो गुरुवारच्या सूर्यास्ताला. म्हणून परंपरेने ‘लैलतुल जुमा’ ही आपल्या गुरुवारची रात्र ठरते. आता परिणाम पाहावा. कुटुंब गुरुवारी रात्री हॉटेलवर थांबून राहते, जेव्हा ताज उघडा आहे. आणि शुक्रवारी रात्री निघते, जेव्हा तो बंद आहे. एका निर्दोष अरबी शब्दाने दोन्ही रात्री वाया घालवल्या. आधुनिक बोलीत अनेक जण हा शब्द आपल्यासारखाच, शुक्रवारच्या रात्रीसाठी, वापरतात हे खरे. पण माहितीपत्रकाचा वाचक कोणत्या अर्थाने वाचेल, हे अनुवादकाला ठरवता येत नाही. म्हणून ‘मसाअ यौमिल जुमा’, म्हणजे ‘शुक्रवार या दिवसाची संध्याकाळ’, असे लिहावे. ते काव्यमय नाही, पण त्यात दुसरा अर्थ शिरत नाही. योगायोग असा की ताज शुक्रवारी दिवसाही पर्यटकांसाठी बंद असतो. तेव्हा वाराची चूक ही या सहलीत सर्वांत महाग चूक आहे.

वारांच्या नावांत आणखी एक छोटा सापळा आहे. अरबीत रविवार ते गुरुवार ही नावे एक ते पाच या संख्यांवरून आली आहेत. सोमवार म्हणजे ‘यौमुल इस्नैन’, दोनचा दिवस. आणि कार्यक्रमपत्रिकेतला ‘दुसरा दिवस’ म्हणजे ‘अल-यौमुस सानी’. सहलीचा दुसरा दिवस बुधवारी असला, तरी घाईत लिहिणारा त्याचा सोमवार करून टाकतो. प्रत्येक दिवसापुढे तारीखही लिहिली, तर ही चूक पहिल्याच वाचनात उघडी पडते.

वेळेला अरबी रंग देण्याचा दुसरा मोह म्हणजे नमाजांच्या वेळांचा आधार घेणे. ‘अस्रनंतर आग्र्याचा किल्ला’ हे वाक्य अरबी कानाला किती आपलेसे वाटते! पण अस्र ही घड्याळाची वेळ नाही. ती सावलीची वेळ आहे. शाफिई, मालिकी आणि हंबली परंपरेत वस्तूची सावली, मध्यान्हीच्या सावलीखेरीज, वस्तूच्या उंचीएवढी झाली की अस्र सुरू होते. हनफी परंपरेत ती दुप्पट व्हावी लागते. उत्तर भारतातल्या बहुसंख्य मशिदी हनफी परंपरेच्या आहेत, तर आखातातून आलेले कुटुंब अनेकदा दुसऱ्या परंपरेचे असते. म्हणजे ‘अस्रनंतर’ याचा अर्थ आग्र्यातल्या वाहनचालकाला एक आणि पाहुण्याला दुसरा, आणि ऋतूनुसार दोन्ही बदलणारे. सहलीच्या वेळेत शोभेसाठी खगोलशास्त्र आणू नये. मात्र नेमकी वेळ लिहून त्यापुढे ‘नमाजेसाठी थांबा’ अशी वेगळी नोंद करता आली, तर ती अगत्याची खूण ठरेल. अर्थात कंपनीने तो थांबा खरोखर ठेवला असेल तरच.

न्याहारीचेही तसेच. ‘इफ्तार’ हा शब्द आधुनिक अरबीत सकाळच्या न्याहारीसाठी सर्रास वापरला जातो आणि रमजानमध्ये तोच शब्द सूर्यास्तानंतर उपवास सोडण्याच्या भोजनाचा होतो. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला, म्हणजे तो ऐन उत्तर भारताच्या पर्यटन हंगामात आला. ‘रोज इफ्तार समाविष्ट’ असे वाचणाऱ्या कुटुंबाला संध्याकाळच्या मेजवानीची अपेक्षा ठेवण्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘फुतूर सबाही’, म्हणजे ‘सकाळची न्याहारी’, असा एक शब्द जास्त खर्च केला की वाद उरत नाही.

एवढे ऐकल्यावर सहल कंपन्या एकच प्रश्न विचारतात: मग माहितीपत्रकाचा गोडवा कुठे राहिला? अरबी वाचक रूक्ष मजकुराने आकर्षित होत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गोडवा आणि अचूकता यांचे भांडण असते हा समज चुकीचा आहे. भांडण होते ते गोडवा क्रियापदावर चढवला म्हणजे. इंग्रजी माहितीपत्रकात तीन वेगवेगळी आश्वासने असतात: गाडीतून जाता जाता दिसणे, छायाचित्रासाठी थोडे थांबणे आणि आत जाऊन पाहणे. अरबीत त्यांना अनुक्रमे ‘मुरूर’, ‘तवक्कुफ’ आणि ‘झियारा’ असे स्वच्छ शब्द आहेत. वाक्य रसाळ करण्याच्या भरात अनुवादक तिन्हींच्या जागी ‘झियारा’ लिहितो, आणि दिल्लीत ज्या इंडिया गेटसमोरून गाडी नुसती जाणार होती, तिथे उतरवण्याची मागणी रास्त ठरते. मग चालक आणि पाहुणे यांच्यात रस्त्यावर जो वाद होतो, त्यात दोघेही खरे बोलत असतात.

चांदण्यातल्या ताजची गोष्ट तशीच. रात्रीचे पर्यटक मुख्य समाधीपर्यंत जात नाहीत; प्रवेशद्वाराजवळच्या लाल दगडाच्या चौथऱ्यावरून, दुरून ताज पाहतात. म्हणून येथे ‘झियारा’ नव्हे, ‘मुशाहदा’, म्हणजे पाहणे, हेच क्रियापद हवे. आणि ‘तुम्ही आनंद घ्याल’ हे भविष्यकाळी आश्वासनही नको, कारण कार्यक्रम ऐच्छिक आहे. भविष्यकाळ तो पॅकेजमध्ये ओढून आणतो. ‘इच्छा असल्यास तुम्हाला पाहता येईल’ ही रचना अरबीत मुळीच रूक्ष होत नाही. गोडव्याला मोकळे रान आहे ते विशेषणांत आणि नामांत: संगमरवरावरचे चांदणे, रात्रीची शांतता, घुमटाची सावली. त्यांचा कितीही विस्तार केला, तरी कोणाच्या खिशाला झळ पोचत नाही. अनुवादकाने कामाला लागण्यापूर्वी मूळ मजकुरातले आश्वासनाचे शब्द एका रंगाने आणि आवाहनाचे शब्द दुसऱ्या रंगाने अधोरेखित करावेत. पहिल्या रंगाला हात लावायचा नाही, दुसऱ्याशी हवे तसे खेळायचे. ही विभागणी केलेल्या अनुवादकाचे वाक्य उलट अधिक मोकळे होते, कारण कुठे मोकळे व्हायचे हे त्याला माहीत असते.

मूळ मजकूरच अपुरा असेल तेव्हा काय करायचे, याविषयी मतभेद आहेत. ‘प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. परंतु डिसेंबर २०१८ पासून ताजच्या मुख्य समाधीत जाण्यासाठी प्रवेशशुल्काखेरीज २०० रुपयांचे वेगळे तिकीट लागते. ते समाविष्ट आहे की नाही, हे कागद सांगत नाही. काही अनुवादक आपल्या अनुभवावरून तो खुलासा घालून मोकळे होतात. हे चूक आहे. अनुवादकाला ताजची माहिती असू शकते, पण त्या कंपनीने काय ठरवले आहे ते त्याला ठाऊक नसते. त्याचा खुलासा कंपनीच्या नावाने दिलेले नवे आश्वासन ठरतो. त्याने जागा मोकळी सोडून प्रश्न विचारावा. मजकूर पोचवण्याची घाई असली, तरीही.

असा अनुवाद तपासायचा कसा, हा यातला खरा वैज्ञानिक प्रश्न. अनुवादाचे मूल्यमापन करण्याची ‘ब्ल्यू’ ही पद्धत २००२ साली मांडली गेली आणि दीर्घकाळ तीच रूढ मापदंड राहिली. अनुवादातील शब्द व शब्दसमूह आदर्श अनुवादाशी किती जुळतात, हे ती मोजते. दोनशे शब्दांच्या मजकुरातून एकटा ‘ला’ गळाला, तर तिचा गुणांक किंचितच ढळतो. ‘मनोहर’ ऐवजी ‘रमणीय’ आले तरीही जवळपास तितकाच. तिच्या लेखी या दोन चुका सारख्या आहेत. पाहुण्याच्या लेखी एक चूक काही हजार रुपयांची आहे आणि दुसरी चूकच नाही. भाषातंत्रज्ञानाच्या बातम्यांत टक्केवारीने सांगितलेली अचूकता वाचताना हा फरक विद्यार्थ्यांनी अवश्य विचारात घ्यावा: सरासरी कितीही उंच असो, चुका नेमक्या कोठे पडल्या आहेत हे ती सांगत नाही.

यापेक्षा उपयोगी पडते ती एक साधी चाचणी. अरबी वाचणाऱ्या, पण मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाच्या हाती तयार पान द्यावे. फाइल नव्हे, छापलेले पान, कारण अंकांची उलटापालट छापील रूपातच दिसते. त्याने केवळ त्यावरून काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. कार्यक्रम किती वाजता सुरू होतो आणि केव्हा संपतो? कोणत्या दिवशी नसतो? पैसे कोण देतो? तिथे जायचे आहे की दुरून पाहायचे आहे? ही उत्तरे मूळ कागदाशेजारी ठेवून ताडावीत. ताजच्या ओळीसाठी अपेक्षित उत्तरे अशी: रात्री साडेआठ, मध्यरात्रीनंतर साडेबारा, शुक्रवारची संध्याकाळ आणि रमजानचा महिना, पाहुणा, दुरून पाहायचे आहे. वाचक एका जरी प्रश्नावर अडखळला, तरी दोष वाचकाचा मानू नये. आणि त्याने ‘साडेआठ ते साडेबारा असे चार तास तिथे बसता येईल का?’ असे विचारले, तर तो प्रश्न मूळ इंग्रजीतल्या उणिवेवर बोट ठेवतो, कारण प्रत्येक तुकडीला अर्धाच तास मिळतो आणि कागदावर ते कोठेच नाही.

हा प्रश्न कंपनीकडे जावा, उत्तर यावे आणि अरबी ओळीत अर्ध्या तासाचा उल्लेख पडावा. आरेखक म्हणेल, जागा नाही. तेव्हा ‘विश्वविख्यात’ हे विशेषण काढून टाकावे. आग्र्याला निघालेल्या माणसाला ते सांगण्याची गरज नसते.